लॅबमधली जुनी मशीन गेम चालवतील का? हे कसं तपासायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या प्रोसेसरच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यानंतरचे प्रोसेसर आहेत. शाळांच्या लॅबमध्ये मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची मशीन अजून मोठ्या संख्येने उभी आहेत. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत एकच प्रश्न फिरतो: ही मशीन टाकायची की ठेवायची? आणि ठेवली, तर मुलांचे गणिताचे खेळ, स्क्रॅचमधले प्रकल्प, ठोकळ्यांचं जग बांधायचे गेम यांच्यावर चालतील का?

या प्रश्नाला ‘मशीन दहा-बारा वर्षांचं आहे, म्हणजे चालणार नाही’ हे उत्तर जितकं चूक, तितकंच ‘माझ्याकडे एकावर चालला, म्हणजे सगळ्यांवर चालेल’ हेही चूक. मशीनचं वय पाहून काही ठरत नाही. मशीनमध्ये नेमकं काय कमी पडतंय आणि ती उणीव कोणत्या जातीची आहे, हे पाहावं लागतं.

सगळ्या लेखात एकच नमुना मशीन धरू: इंटेल `i3-2120` प्रोसेसर (२०११ सालचा, ३.३ गिगाहर्ट्झ, दोन कोअर), एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एकच पट्टी, साधी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० ची ६४ बिट आवृत्ती. लॅबमध्ये अशा मशीनची रांगच असते.

## दार आणि चढ

गेम न चालण्याची कारणं दोन जातींची असतात.

पहिली जात दारासारखी. दार पाच फुटांचं आणि कपाट सहा फुटांचं असेल, तर हमाल कितीही तगडे आणा, कपाट उभं आत जात नाही. गेमला ग्राफिक्सची ठरावीक पातळी लागते, ब्राउझरची ठरावीक आवृत्ती लागते, ६४ बिट विंडोज लागते. यातलं एक जरी नसेल तर गेम उघडतच नाही. तिथे रॅम वाढवून काडीचाही फरक पडत नाही.

दुसरी जात चढासारखी. रॅम कमी आहे, डिस्क संथ आहे, पंखा धुळीने भरलाय. गेम उघडतो, पण धापा टाकतो. इथे थोडा खर्च, थोडी सफाई आणि सेटिंगमधली काटछाट यांनी खरंच काम होतं.

लॅबमध्ये पैसे वाया जातात ते बहुतेक या दोन जाती एकमेकींत मिसळल्यामुळे. गेम दारात अडकलेला असतो आणि आपण रॅमच्या पट्ट्या मागवतो. म्हणून तपासणी नेहमी दारापासून सुरू करावी.

## पहिली दहा मिनिटं: मशीनमध्ये आहे तरी काय

विंडोजची कळ आणि R दाबा आणि उघडलेल्या चौकटीत हे लिहा:

```
dxdiag
```

पहिल्या पानावर प्रोसेसर, रॅम आणि विंडोजची आवृत्ती दिसते. `Display` नावाच्या पानावर ग्राफिक्सचं नाव दिसतं, आणि आपल्याला हवी ती खरी माहिती याच पानावर आहे. नमुना मशीनवर तिथे `Intel(R) HD Graphics` असं काहीतरी दिसायला हवं.

त्या जागी `Microsoft Basic Display Adapter` दिसलं, तर पुढचं काहीही तपासू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसलेला नाही, असा त्याचा अर्थ. विंडोज नव्याने टाकताना हे राहून जातं. पडदा दिसतो, वर्ड चालतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ग्राफिक्सची चिप रिकामी बसलेली असते आणि चित्रं काढायचं सगळं काम प्रोसेसर एकटा ओढत असतो. अशा मशीनवर केलेली चाचणी खरी धरू नये. आधी विंडोज अपडेटमधून किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या पानावरून ड्रायव्हर घ्या, मशीन पुन्हा सुरू करा आणि मग बघा.

रॅम किती आहे हे कळलं, तरी ती एका पट्टीत आहे की दोन, हे वेगळं पाहावं लागतं. कॅबिनेट न उघडता ते पॉवरशेलमध्ये कळतं:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select DeviceLocator, Capacity, Speed
```

जितक्या ओळी येतील तितक्या पट्ट्या. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

## ग्राफिक्सची भाषा आणि तिचा दुभाषा

गेम स्वतः चित्र काढत नाही. ‘इथे त्रिकोण काढ, त्यावर हा रंग चढव, याची सावली इकडे पाड’ अशा सूचना तो ग्राफिक्सच्या चिपला देतो. या सूचना देण्याच्या ठरलेल्या भाषा आहेत. ओपनजीएल ही त्यातली एक, डायरेक्टएक्स ही दुसरी. भाषेची नवी आवृत्ती आली की तिच्यात नवे शब्द येतात. गेम नव्या शब्दांत बोलू लागला आणि चिपला ते कळले नाहीत, की दार बंद.

मधे एक दुभाषा असतो, तो म्हणजे ड्रायव्हर. चिपची जाण आणि दुभाष्याची जाण, दोन्ही मिळून पातळी ठरते.

नमुना मशीनच्या प्रोसेसरमध्ये एचडी ग्राफिक्स २००० ही चिप आहे. विंडोजवरचा तिचा ड्रायव्हर ओपनजीएल ३.१ पर्यंतच बोलतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला २०२१ मधल्या १.१७ पासून ओपनजीएल ३.२ लागतं. फरक दशांशाचा आहे, पण दार ते दारच. या मशीनवर विंडोजमध्ये १.१७ किंवा त्यानंतरची आवृत्ती उघडणार नाही. रॅम ८ जीबी करा, १६ करा, उत्तर बदलत नाही.

याच चिपला लिनक्सवर जो दुभाषा मिळतो, तो ओपनजीएल ३.३ पर्यंत बोलतो. म्हणजे चिप तीच, मदरबोर्ड तोच, फक्त दुभाषा बदलला आणि दार उघडलं. दार उघडलं म्हणजे खेळ सुरळीत चालेल असं नाही, कारण आत चढ आहेच. पण ‘मशीनला जमत नाही’ आणि ‘या मशीनच्या विंडोज ड्रायव्हरला जमत नाही’ या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते यावरून दिसतं. लिनक्सवर पातळी पाहायला ही आज्ञा पुरते:

```
glxinfo -B
```

विंडोजवर `dxdiag` डायरेक्टएक्सची पातळी दाखवतं, ओपनजीएलची नाही. त्यासाठी जीपीयू कॅप्स व्ह्यूअरसारखं छोटं मोफत सॉफ्टवेअर वापरावं. तिथे किंवा गेमच्या चूक-नोंदीत `GDI Generic` हे शब्द दिसले, तर दुभाष्याला बाजूला सारून विंडोजने स्वतःचं अगदी जुनं ओपनजीएल १.१ पुढे केलंय, असं समजावं. एकतर ड्रायव्हर बसलेला नसतो, नाहीतर बसलेला जुना ड्रायव्हर त्या प्रोग्रॅमशी बोलायला तयार नसतो. विंडोज १० वर दुसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सची ही जुनी खोड आहे, जावावर चालणाऱ्या गेममध्ये विशेष.

वर्गातल्या बहुतेक खेळांची भूक याहून पुष्कळ कमी असते, ही जमेची बाजू. लहान मुलांसाठीच्या जीकॉम्प्रीला तर ग्राफिक्स चिपविना चालवायची सोयच दिलेली आहे:

```
gcompris-qt --software-renderer
```

ठोकळ्यांचं जग हवं असेल तर लुआंटी आहे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. त्याची ग्राफिक्सची अपेक्षा ओपनजीएल २ च्या आसपासची आहे, म्हणजे नमुना मशीनच्या आवाक्यातली. माइनक्राफ्टच वापरायचा आग्रह नसेल, तर माझी पहिली शिफारस हीच.

## ब्राउझरमधल्या खेळांचं दार वेगळं आहे

‘आमचे सगळे खेळ ब्राउझरमध्येच आहेत, मग ग्राफिक्सची चिंता कशाला?’ हे वारंवार ऐकू येतं. पण ब्राउझरमधला खेळही त्याच चिपकडून चित्र काढून घेतो. त्यासाठीची भाषा वेबजीएल. २ जानेवारी २०१९ ला आलेलं स्क्रॅच ३ आपला रंगमंच वेबजीएलनेच रंगवतं.

क्रोममध्ये पत्त्याच्या जागी `chrome://gpu` लिहा. वरच्या यादीत `WebGL` च्या पुढे `Hardware accelerated` हवं. तिथे `Software only` किंवा `Disabled` असं काही दिसलं, तर क्रोमच्या सेटिंगमध्ये `System` खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण बंद आहे का ते बघा. कधीतरी पडदा लुकलुकला म्हणून कुणीतरी ते बंद करून ठेवलेलं असतं आणि त्यानंतर त्या मशीनवरचा प्रत्येक खेळ रखडत चालतो.

मशीनवर अजून विंडोज ७ किंवा ८.१ असेल, तर क्रोम १०९ व्या आवृत्तीला थांबलेलं असतं. त्याच्या पुढचं मागणारा खेळ तिथे उघडणार नाही.

आणखी एक कारण आहे, त्याचा ग्राफिक्सशी काही संबंध नाही. मदरबोर्डवर `CR2032` नावाची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की मशीनची वीज बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं नाकारतो आणि `ERR_CERT_DATE_INVALID` अशी चूक दाखवतो. मुलं सांगतात, ‘सर, या पीसीवर गेम चालत नाही.’ कोपऱ्यातली तारीख आधी बघा.

## आता चढ: वीस मिनिटं खेळवून बघा

दार उघडलं की चढाकडे वळायचं. त्यासाठी गेम दोन मिनिटं उघडून बंद करणं पुरत नाही. तासिकेत मुलं जितका वेळ खेळतील तितका, निदान वीस मिनिटं, तो चालू राहायला हवा. बाजूला टास्क मॅनेजर उघडा (`Ctrl+Shift+Esc`) आणि `Performance` च्या पानावर नजर ठेवा.

पडद्यावरचं चित्र दर सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं, त्याला फ्रेमचा दर म्हणतात. वर्गातल्या आणि विरंगुळ्याच्या खेळांना सेकंदाला ३० फ्रेम पुरतात. १५ च्या खाली गेलं की माउस हलवल्यावर बाण मागून येतो आणि मूल पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतं. लुआंटीमध्ये `F5` दाबलं की हा दर पडद्यावर दिसतो.

नमुना मशीनवर टास्क मॅनेजर दोन ठिकाणी हमखास फसवतो.

पहिलं ठिकाण म्हणजे ग्राफिक्सचा आलेखच न दिसणं. तो दिसण्यासाठी ड्रायव्हर डब्ल्यूडीडीएम २.० या रचनेचा किंवा पुढचा लागतो. `dxdiag` मध्ये `Driver Model` पुढे हा आकडा असतो, आणि दुसऱ्या पिढीच्या चिपचा ड्रायव्हर त्याहून जुन्या रचनेचा आहे. आलेख नाही याचा अर्थ चिप नाही किंवा बिघडली, असा काढू नये.

दुसरं ठिकाण प्रोसेसरचा टक्का. `i3-2120` मध्ये दोन कोअर आहेत आणि प्रत्येक कोअर एकाच वेळी दोन कामं हाती घेतो, म्हणून विंडोजला चार प्रोसेसर दिसतात. पुष्कळ छोटे खेळ आणि स्क्रॅचचे प्रकल्प आपलं मुख्य काम एकाच धाग्यात, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या कामांच्या एकाच रांगेत करतात. तो धागा पूर्ण क्षमतेने पळत असला, तरी टास्क मॅनेजर चारांपैकी एक म्हणून साधारण २५ टक्केच दाखवतो. शिक्षक म्हणतात, ‘प्रोसेसर तर रिकामा आहे.’ तो रिकामा नसतो. स्वयंपाकघरात चार शेगड्या आहेत, पण पदार्थ एकच आहे आणि तो एकाच शेगडीवर शिजू शकतो. उरलेल्या तीन विझलेल्या राहिल्या, तरी तो लवकर शिजत नाही. आलेखावर उजवं बटण दाबून `Change graph to` मधून `Logical processors` निवडा. चार वेगळे आलेख दिसतील आणि ओझं कुठे पडतंय याचा बराच अंदाज येईल. विंडोज तो धागा एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, म्हणून बेरीज २५ च्या आसपास चिकटून राहते का, हेही बघावं.

## प्रोसेसर कमी पडतोय की ग्राफिक्स?

हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. गेम आहे तसा ठेवा, फक्त पडद्याचं रिझोल्यूशन उतरवा. १९२० गुणिले १०८० मध्ये साधारण २० लाख ७० हजार ठिपके असतात, १२८० गुणिले ७२० मध्ये सव्वानऊ लाख. म्हणजे चिपला निम्म्याहून कमी ठिपके रंगवावे लागतात. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तितकंच राहतं, कारण चेंडू कुठे जाणार, टक्कर झाली की नाही, गुण किती, हे हिशेब ठिपक्यांवर अवलंबून नसतात.

रिझोल्यूशन उतरवल्यावर खेळ एकदम मोकळा झाला, तर अडचण ग्राफिक्सची होती. मग कमी रिझोल्यूशनवरच चालवा, प्रश्न मिटला. काहीच फरक पडला नाही, तर अडचण प्रोसेसरची आहे आणि चित्राचा दर्जा कमी करून काही हाती लागणार नाही. तिथे खेळाचं काम कमी करावं लागतं.

स्क्रॅचमध्ये हे मुलांच्याच हातात असतं. तिथे एका प्रकल्पात जास्तीत जास्त ३०० क्लोन करता येतात, आणि अवकाशातल्या गोळीबाराचा खेळ करताना मुलं तितके करतातही. प्रत्येक क्लोन ‘मी कशाला टेकलो का?’ हे सतत विचारत राहिला, की जुना प्रोसेसर बसतो. पडद्याबाहेर गेलेले क्लोन `delete this clone` ने काढून टाकायला शिकवा. तोच खेळ त्याच मशीनवर पळू लागतो, आणि मुलांना आपल्या कोडची किंमत डोळ्यांसमोर दिसते. पूर्ण पडद्याऐवजी लहान रंगमंचावर खेळवलं तर ग्राफिक्सचंही ओझं उतरतं.

लुआंटीमध्ये सगळ्यात परिणाम करणारी सेटिंग म्हणजे किती दूरपर्यंतचं जग दाखवायचं. मूळ अंतर १९० ठोकळ्यांचं असतं. खेळताना `-` दाबत ते ६०-७० वर आणा. कमी झालेलं अंतर मुलांना धुकं पडल्यासारखं दिसतं. घर बांधायला ते पुरेसं आहे.

## रॅम: आकडा पाहून थांबू नका

विंडोज १० नुसतं सुरू झाल्यावर दीड ते दोन जीबी व्यापतं. त्यावर अँटिव्हायरस. त्यावर ब्राउझर. आणि लॅबच्या मशीनमध्ये ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तीही याच चार जीबीतून वाटा घेते. अशा मशीनवर एक खेळ चालतो. मुलाने बाजूला आणखी तीन टॅब उघडले की मेमरी भरते आणि विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर हलवायला लागतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर, डिस्क १०० टक्क्यांवर, आणि खेळ एकसारखा मंद न होता मधेच गोठून पुन्हा सुटतो.

इथे आणखी ४ जीबीची पट्टी घातली तर दोन फायदे होतात, आणि दुसऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. पहिला अर्थातच जागा. दुसरा रुंदीचा. डीडीआर३-१३३३ ची एक पट्टी सेकंदाला साधारण १०.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन सारख्या पट्ट्या दोन वेगळ्या मार्गांवर लावल्या की ती क्षमता दुप्पट, २१ जीबीच्या वर जाते. ग्राफिक्सची चिप याच मेमरीतून रंगांचे ठिपके आणत-नेत असल्यामुळे तिला हा रुंद झालेला रस्ता थेट उपयोगी पडतो. म्हणून ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ च्या दोन चांगल्या. एच६१ च्या बोर्डवर बहुधा दोनच खाचा असतात, दोन्ही भरायच्या.

लॅबमध्ये याहून जुनी, जी४१ चिपसेटची मशीन असतील, तर जपून. त्यांना ४ जीबीच्या नव्या पट्ट्या पुष्कळदा ओळखताच येत नाहीत, कारण त्या आठच दाट चिपवर बनलेल्या असतात आणि या बोर्डांना सोळा चिपवाली पट्टी लागते. एक पट्टी लावून बघितल्याशिवाय तीस मागवू नयेत.

## ‘एसएसडी घातली की गेम पळेल ना?’

उघडेल लवकर. पळेल असं नाही.

फिरत्या डिस्कची थाळी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा आणि डोकं सरकायला साधारण ९ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेला एक तुकडा वाचायला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला पंचाहत्तरच्या आसपास तुकडे. विंडोज सुरू होताना, गेम उघडताना असे हजारो छोटे तुकडे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, ती सेकंदाला हजारो तुकडे सहज देते. म्हणून मशीन सुरू होऊन खेळापर्यंत पोचायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. चाळीस मिनिटांच्या तासिकेत हा फायदा फार मोठा आहे, आणि एकच बदल करता येणार असेल, तर मी हाच करीन.

पण खेळ एकदा मेमरीत आला की फ्रेमचा दर डिस्क ठरवत नाही. लुआंटी हार्ड डिस्कवर सेकंदाला २० फ्रेम देत असेल, तर एसएसडीवरही २० च्या आसपासच देईल. मधले गोठण्याचे झटके मात्र कमी होतील, कारण मेमरी भरल्यावर सामान हलवायची जागा आता वेगवान आहे. जुनी हार्ड डिस्क बदलण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये `Reallocated Sectors Count` आणि `Current Pending Sector Count` बघा. हे आकडे शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील, तर ती डिस्क मरणाच्या वाटेवर आहे. तिच्यावरचा मंदपणा गेमचा नाही.

## दहा मिनिटं छान, मग मंद

हे लक्षण उष्णतेचं. प्रोसेसरवरची पेस्ट इतक्या वर्षांत वाळून कडक होते, पंख्याच्या पात्यांमागे धुळीची गादी बसते. चटका असह्य झाला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये `Speed` बघा. नमुना मशीनवर खेळ चालू असताना तिथे ३.३ च्या आसपास हवं. सुरुवातीला तसं असून नंतर ते खाली सरकू लागलं, तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली.

वेग अगदी पहिल्या क्षणापासून १.६ वर अडकला असेल, तर मात्र आधी विंडोजचा पॉवर प्लॅन बघा. तो `Power saver` वर ठेवलेला असला तरी असंच होऊ शकतं.

सफाईनंतर नवी पेस्ट लावताना मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते. वर बसणारा उष्णताशोषक घट्ट दाबला की ती आपोआप पसरते.

## ‘यूट्यूबचा व्हिडिओ नीट चालतो, मग गेम का नाही?’

व्हिडिओ हा आधीच काढून ठेवलेल्या चित्रांचा गठ्ठा असतो. मशीनला तो फक्त उलगडून दाखवायचा असतो आणि उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळा, त्याच कामाला वाहिलेला भाग असतो. गेममध्ये पुढचं चित्र आधी अस्तित्वातच नसतं. मुलाने कोणती कळ दाबली त्यावरून ते त्या क्षणी बनवावं लागतं. छापलेलं पुस्तक वाचून दाखवणं आणि समोरच्याच्या प्रश्नागणिक नवं चित्र काढून देणं, इतका या दोन कामांत फरक आहे. म्हणून व्हिडिओवरून गेमचा अंदाज बांधू नये.

## एक मशीन पास झालं, तीस होतील का?

एका रांगेतली मशीन सारखी दिसली तरी आतून सारखी राहिलेली नसतात. एकातली रॅमची पट्टी दुसऱ्यात गेलेली असते, एखाद्याचा ड्रायव्हर उडालेला असतो. म्हणून चाचणीसाठी चांगलं मशीन निवडू नका. सगळ्यात कमी रॅमचं आणि सगळ्यात गरम होणारं, अशी दोन निवडा.

ब्राउझरमधल्या खेळांना आणखी एक चढ असतो, तो सगळी मुलं एकदम बसल्यावरच दिसतो. समजा खेळ उघडताना २० एमबी उतरतात. तीस मशीनचे झाले ६०० एमबी, म्हणजे ४८०० मेगाबिट. लॅबची जोडणी ५० एमबीपीएस असेल, तर सगळं आदर्श धरूनही ९६ सेकंद लागतात. एका मशीनवर तोच खेळ तीन-साडेतीन सेकंदांत उघडला होता. मशीनचा यात काहीच दोष नाही. स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती टाकली, तर हा चढ उरतच नाही. लुआंटीचंही तसंच: एका बऱ्या मशीनवर सर्व्हर चालवा, फायरवॉलमध्ये यूडीपीचं `30000` क्रमांकाचं पोर्ट मोकळं करा, आणि बाकीची मशीन लॅबच्या अंतर्गत जाळ्यावरूनच त्याला जोडा. बाहेरचं इंटरनेट लागत नाही, अनोळखी माणसं मुलांच्या जगात येत नाहीत.

## जुन्या सीडींतले फ्लॅशचे खेळ

पुष्कळ लॅबमध्ये `.swf` फायलींचा मोठा साठा आहे. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर आपणहून मजकूर अडवू लागला. हे दार मशीनचं नव्हतंच, त्यामुळे नवं मशीन घेतलं तरी ते उघडलं नसतं. रफल नावाचा मोफत प्रोग्रॅम या फायली चालवतो. जुन्या, साध्या रचनेचे खेळ त्यात बहुधा चालतात, नंतरच्या अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ मधले काही अडतात. एकेक फाईल उघडून पाहण्याला पर्याय नाही. जुना फ्लॅश प्लेअर कुठल्यातरी संकेतस्थळावरून आणून बसवू नये, ती सुरक्षेची उघडी खिडकी ठरते.

## नोंद कशी लिहायची

तपासणीनंतर मशीनपुढे ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’ लिहिलं, तर सहा महिन्यांनी त्याचा उपयोग होत नाही. दार कुठलं आणि चढ कुठला, हे लिहावं. नमुना मशीनची नोंद अशी होईल:

‘जीकॉम्प्री: चालतं. स्क्रॅच ३: ऑफलाइन आवृत्ती, लहान रंगमंच, क्लोनवर लक्ष. लुआंटी: आधी ओपनजीएलपुढे `GDI Generic` येत नाही ना ते पाहावे, मग १२८० गुणिले ७२०, अंतर ६०. माइनक्राफ्ट जावा १.१७ आणि पुढे: विंडोजवर नाही, कारण ओपनजीएल ३.१, रॅम वाढवून उपयोग नाही. हवे: ४ जीबीची दुसरी पट्टी, एसएसडी, नवी पेस्ट. घड्याळाची बॅटरी बदलली, तारीख अमुक.’

या नोंदीची एक प्रत कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. रॅमची पट्टी एका मशीनमधून दुसऱ्यात गेली, तर दोन्ही मशीनच्या नोंदी त्याच वेळी बदलाव्यात.